गणपतीच्या सजावटीचा हिशोब शीटमध्ये टाकला, मखराचा आकडा बघून डोक्याला हात

ओसरीवरची
दिवाळीचा पसारा माळ्यावर टाकायच्या आधी या वेळी ठरवलंच होतं की एकदा सगळ्याचा हिशोब लावायचा. डोंबिवलीत दोन बेडरूमचा फ्लॅट, गणपती गौरीबरोबर जातात, म्हणजे कधी पाच दिवस, कधी सहा, कधी सात. दर वर्षी आमच्याकडे एकच डायलॉग, "मागच्या वर्षीचं होतं की सगळं, मग परत चार हजार कुठे गेले?" आणि दर वर्षी उत्तर नाही.

तर जुन्या डायऱ्या, यूपीआयची हिस्टरी आणि गणपतीचे फोटो (फोटोत कुठल्या वर्षी काय वापरलं ते दिसतं, हे फार कामाला आलं) घेऊन बसले आणि २०२१ पासून २०२५ पर्यंतचं शीट केलं. कॉलम साधे ठेवलेत. वस्तू, गट, किंमत, नंतर केलेला खर्च, किती वेळा वापरली, दर वापर किती पडला. गट तीनच केलेत: निर्माल्य (फुलं, केळीचे खांब, क्रेप पेपर), दोन-तीन वर्षांचं (माळा, कापडी फुलं, झिरमिळ्या) आणि टिकाऊ (मखर, स्टँड, चौरंग, समया).

आता मखर बघा. २०२१ ला एमडीएफचं फोल्डिंग मखर घेतलं ४,८०० ला. दुकानदार म्हणाला, ताई दहा वर्षं बघायला नको, आणि मी पण मनातल्या मनात ४८० रुपये वर्षाला असा हिशोब करून खूश. पुढच्या वर्षी कड्या-बिजागऱ्या बदलल्या ३५०. २०२३ ला खालची फळी फुगली होती ती नवीन कापून आणली ८५०. एकूण ६,०००. आणि वापर? २०२४ ला भावकीत सुतक आलं, गणपती आणलेच नाहीत. म्हणजे चार वेळा. दर वापर १,५००!!

आणि तो पाइपचा स्टँड, १,४५० चा, ज्यावर मी आईच्या जुन्या साड्या लावते, तो गणपतीला चार वेळा, चैत्रगौरीला तीनदा आणि हळदीकुंकवाला दोनदा निघाला. नऊ वेळा. १६१ रुपये. घरात कोणी त्या स्टँडचं कौतुक केलेलं मला आठवत नाही.

आता विचार असा आहे की मखर कोणाला तरी देऊन टाकायचं आणि ते कापडी धुता येणारं मखर मिळतं ना, २,६०० चं, ते घ्यायचं. पाच वर्षं टिकलं तरी ५२० पडतं. बरोबर ना? कोणी असं शीट ठेवतं का, अजून काय कॉलम हवेत?

टिकलू
भारी काम केलंयस. पण वापराने भागू नकोस, वर्षांनी भाग. वस्तू पडून असली तरी म्हातारी होतेच की. मखराला पाच वर्षं झाली, ६,००० भागिले ५, १,२०० येतात. आणि नियम सोपा ठेव, ज्याचा दर वापर सगळ्यात जास्त ते बाहेर, कमी ते घरात. मी माझ्या जिमच्या सामानाला हाच लावला होता.

ओसरीवरची
@टिकलू १,२०० काय नि १,५०० काय, महागच की रे. पण सुतकाच्या वर्षी ते वापरलंच नाही तर ते वर्ष कसं धरायचं?

गजानन_खजिनदार
चांगला विषय. आमच्या सोसायटीच्या मंडळाचाही हिशोब दर वर्षी लटकतो. वर्गणी १४२ फ्लॅटची, त्यातले तीस जण देतच नाहीत, आणि ऑडिटला मांडववाल्याचं बिल कच्चं. तुम्ही वर्गणीची थकबाकी कुठल्या कॉलमला दाखवता?

ओसरीवरची
@गजानन_खजिनदार काका, हे घरच्या गणपतीचं आहे हो, वर्गणी नवऱ्याकडूनच घेते आणि तिथे थकबाकी नसते 😄

गजानन_खजिनदार
अच्छा अच्छा. मी मोबाईलवर अर्धंच वाचलं. पण मग एक सांगतो, आमचं मंडळ पडदे नि झुंबर भाड्याने आणतं. भाड्याच्या वस्तूचं बरं असतं, जे भाडं तोच दर वापर, माळ्यावर ठेवणं नको फुगणं नको. मोठ्या पडद्याला आम्हाला जे भाडं पडतं त्याच्या तिप्पट-चौपटीत विकत मिळतो, पण तीनदा-चारदा वापरेपर्यंत तो उंदरांपासून कोण वाचवणार, म्हणून भाडं.

जमाखर्च_काका
बत्तीस वर्षं कारखान्यात कॉस्टिंग बघितलं, म्हणून मध्ये पडतो.

ओसरीवरच्या ताई, शीट छान आहे. वापराने भागलंत तेच बरोबर. टिकलू म्हणतात ते पडून म्हातारं होण्याचं खरं आहे, पण त्यासाठी भागाकार बदलायचा नसतो. वर्षांनी भागलं तर न वापरलेली वस्तू पण दर वर्षी आपोआप स्वस्त होत जाते. माळ्यावर नुसती पडलेली वस्तू दहा वर्षांनी सगळ्यात किफायतशीर दिसायला लागेल. वापराने भागलं की पडून राहणं आकड्यात दिसतं, आणि तुमच्या मखराचं तेच झालंय.

पण खरी चूक पुढे आहे. दर वापर १,५०० हा आकडा तुम्हाला सांगतो की २०२१ ची खरेदी कशी झाली. पुढच्या गणपतीला काय करायचं ते तो सांगत नाही. ते ६,००० गेले, मखर ठेवा नाहीतर देऊन टाका, ते परत येणार नाहीत. पुढच्या वर्षी तेच मखर वापरायला किती लागतील? समजा बिजागऱ्या आणि थोडा रंग, २००. आणि नवीन कापडी घ्यायला २,६००. तुलना या दोनांची आहे. तुम्ही जुन्याचा गेलेला खर्च आणि नव्याचा अजून न झालेला वापर शेजारी ठेवताय. नव्याचे ५२० हे परत तेच, दुकानदाराची पाच वर्षं. एमडीएफला दहा सांगितली होती ना?

जुनं मखर अजून तीन वर्षं चाललं, दर वर्षी २०० धरून, तर तुमचे खिशातून जाणार ६००. आणि गंमत म्हणजे तेव्हा त्याचा दर वापर ६,६०० भागिले ७, म्हणजे साधारण ९४३ वर येईल. ठेवलंत म्हणून स्वस्त झालं.

ओसरीवरची
काका!! हे मी तीनदा वाचलं. म्हणजे टिकलूच्या नियमाने मी मखर फेकलं असतं आणि २,६०० वर घातले असते.

टिकलू
ओके मान्य, फेकायच्या बाबतीत चुकलो. पण घेताना तर दर वापर बघायचाच ना?

जमाखर्च_काका
घेताना बघायचाच, तिथे तुमचा नियम बरोबर. फक्त वापर किती होतील हे दुकानदाराला न विचारता स्वतःच्या जुन्या शीटला विचारायचं. ताईंच्या घरी टिकाऊ म्हणून घेतलेलं खरंच किती वर्षं टिकतं, ते आता पाच वर्षांच्या आकड्यांत आहे. अजून एक कॉलम घाला ताई, "का बंद झाली". टाकून दिलेल्या वस्तूही शीटमधून खोडू नका, त्याच सगळ्यात जास्त शिकवतात. नाहीतर होतं काय, शीटमध्ये फक्त टिकलेल्या वस्तू राहतात आणि सगळं कसं स्वस्तात पडलं असं वाटतं.

भाबडी_मी
मला एक कळत नाही, देवाच्या सजावटीचा दर वापर काढायचा?? आमच्या आजीच्या वेळी कोणी विचारलं नाही.

ओसरीवरची
@भाबडी_मी अगं आजीच्या वेळी मागे आरसा, पुढे दोन समया आणि कडेला कर्दळीची पानं, त्याचा काय हिशोब काढणार. देवाला कमी करायचं नाहीये, तीच तीच वस्तू चारदा घेणं थांबवायचंय. सोनेरी लेस माझ्याकडे तीन वर्षांत पाच रिळं निघाली, पाचही अर्धी.

वायरी_बंड्या
माळांचं कसं धरलंस? माझं दुकान आहे, दर ऑगस्टला लोक पिशवी भरून बंद माळा घेऊन येतात.

ओसरीवरची
माळांनीच घोळ केलाय. २०२१ ला सहा घेतल्या १,०८० च्या, मग दर वर्षी एक-दोन बंद पडतात, एक-दोन नवीन येतात, कुठली कुठल्या वर्षाची ते कळतच नाही. प्रत्येक माळेची ओळ करायला गेले आणि सोडून दिलं.

जमाखर्च_काका
माळेमाळेचा हिशोब करूच नका. सगळ्या माळांची मिळून एकच ओळ. दर वर्षी माळांवर जे गेलं ते त्यातच मिळवत जायचं आणि माळा लावल्या असे सण मोजायचे. २०२१ चे १,०८० सांगितलेत, पुढचे सांगा.

ओसरीवरची
२०२२ ला ३६०, २३ ला ५४०, २४ ला काहीच नाही, २५ ला ७२०. एकूण २,७०० होतात. गणपती चार आणि दिवाळ्या पाच. नऊ सण. ३०० रुपये सणाला. अरेच्चा, हे तर स्टँडच्या दुपटीला आलं, आणि मी माळांना किरकोळ खर्च म्हणत होते.

वायरी_बंड्या
आता बंद का पडतात ते ऐक. लाइट स्वतः क्वचित जातो. तीन जागा बघायच्या. एक, प्लगजवळच्या त्या डबीपासून वायर निघते तिथे, गुंडाळताना तिथेच पीळ बसतो आणि आतली तार तुटते. पूर्ण माळ मेली असेल तर बहुतेक तिथेच. दोन, डबीच. गॅलरीत लावलेली असेल तर पाणी जातं. तीन, माळेचा एकच तुकडा बंद आणि बाकी चालू, तर त्या तुकड्यातला एखादा लाइट सुटलाय नाहीतर तिथली वायर तुटलीय, कारण तेवढे लाइट एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की तेवढा तुकडा गेला. पहिल्या दोनांचं काम पाच-दहा मिनिटांचं आहे, पण प्लग काढून करायचं, आणि येत नसेल तर करायचंच नाही, आमच्याकडे आणा. तिसऱ्यात वेळ जातो, स्वस्त माळ असेल तर मीच सांगतो की नको.

आणि कोपरात-मुठीत गुंडाळून गाठ मारू नका. पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा, प्लगचं टोक बाहेर ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी सोडवायच्या आधी लावून बघता येतं.

ओसरीवरची
बंड्याभाऊ, मी गाठच मारते 🙈

काकांनी सांगितलेला कॉलम केला. पाच वर्षांत टाकून दिलेल्या ११ वस्तू आठवल्या. त्यातल्या सात वापरताना गेल्याच नाहीत, माळ्यावर गेल्या! कापडी झेंडूच्या माळांना घडीच्या रेषा पडल्या, झुरळांनी कागदी कंदील कुरतडला, सोनेरी कापडाला पिशवीची शाई लागली, आणि मखराची फळी तर आहेच. म्हणजे माझा निम्मा खर्च सणाला होतच नाही, उरलेल्या अकरा महिन्यांत होतो.

फोंड्याहून
इथे वेगळं चित्र मांडतो. आमच्याकडे चवथीला देवावर माटोळी बांधतात. वर लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घड, केळी, तोरिंजन, आंबाडे, रानातली कांगलां वगैरे. चौकट आजोबांच्या वेळची आहे, तिचा दर वापर काढला तर पैशात येईल. बाकी सगळं दर वर्षी नवीन, बाजारात माटोळीच्या सामानाला चवथीच्या आदल्या दोन दिवसांत जो भाव असतो तो बघून शीट ठेवायचा धीरच होत नाही.

पण माझा प्रश्न वेगळा. उतरवल्यावर नारळ, केळी, चिबूड वाटतात, घरातही खातात. नारळ तर महिनाभर चालतात. मग ते निर्माल्याच्या गटात कसे? पुन्हा वापर शून्य म्हणायचा की खाल्लं म्हणून वजा करायचं?

ओसरीवरची
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! मी पुन्हा वापराला आकडा देते. ० म्हणजे निर्माल्य, १ म्हणजे डागडुजी केली तर, २ म्हणजे तसंच पुढच्या वर्षी, ३ म्हणजे दुसऱ्या सणालाही. नारळाला काय देऊ?

जमाखर्च_काका
एरवी घरात तेवढे नारळ आणलेच असते, तर नेहमीच्या भावाने तेवढी रक्कम सजावटीतून काढून किराण्यात टाका. वर जो चवथीचा चढा भाव दिला तो सजावट. जे फक्त माटोळीसाठीच आणलं नि कोणी खाल्लं नाही ते पूर्ण सजावट.

फोंड्याहून
कांगलां कोण खाणार, पूर्ण सजावट मग.

भाबडी_मी
मग फुलं? हार, दुर्वा, पत्री ही पूजा आहे, सजावट नाही. ती या शीटमध्ये नकोतच.

ओसरीवरची
इथे मी पण अडकलेय. २०२५ ला फुलांचे एकूण २,९०० झाले, पाच वर्षांत कुठल्याही वस्तूवर एका वर्षात एवढे गेलेले नाहीत (मखर घेतलं ते वर्ष सोडून). गौरी येतात त्या दिवशी शेवंतीचा भाव विचारायची सोय नसते. पण त्यातलं पूजेचं किती आणि मखराला लावलं ते किती? पाव किलो झेंडू सुटा आणला, अर्धा तोरणाला गेला, अर्धा देवाला.

टिकलू
अर्धं अर्धं टाक.

भाबडी_मी
देवाची फुलं अर्धी? मला नाही पटत. पूर्ण बाहेर ठेव.

जमाखर्च_काका
इथे मी निकाल देणार नाही. एकच पथ्य पाळा, जे ठरवाल ते दर वर्षी तसंच ठेवा. या वर्षी फुलं आत नि पुढच्या वर्षी बाहेर झाली तर बचत झाली असं उगाच दिसेल.

नवी_सूनबाई
ताई फॉर्म्युला द्या ना. मी काल करायला बसले, किती वेळा वापरली ते हाताने वाढवते आणि विसरते.

ओसरीवरची
मी वापराचा वेगळा टॅब केलाय, नाव `वापर`. वस्तू माळ्यावरून उतरली की तिथे एक ओळ, A मध्ये तारीख, B मध्ये वस्तू, C मध्ये सण. पहिल्या टॅबमध्ये A वस्तू, B गट, C वर्ष, D किंमत, E नंतरचा खर्च, F वापर, G दर वापर. मग F2 आणि G2 ला हे:

```
=COUNTIF('वापर'!B:B,A2)
=IF(F2=0,"",(D2+E2)/F2)
```

दुसऱ्यात ती शून्याची अट हवीच, नाहीतर नवीन घेतलेल्या वस्तूला एरर येतो. माळांसाठी सण मोजायचे, सहा माळा उतरल्या तरी ओळ एकच टाकायची.

नवी_सूनबाई
केलं. माझा स्टँड ० दाखवतोय, पण मी दोन ओळी टाकल्यात ना 😭

ओसरीवरची
मोबाईलवरून टाकलंस का? मला हेच झालं होतं, दोन तास गेले. कीबोर्ड शब्द पुरा करताना शेवटी स्पेस टाकतो. आपल्याला "स्टँड" दिसतं, शीटला "स्टँड " दिसतं, दोन वेगळ्या वस्तू. आणि मी एकदा "स्टॅंड" पण लिहिलं होतं. आता मी नावंच टाइप करत नाही, `वापर` टॅबच्या B ला ड्रॉपडाउन लावलाय, वस्तूंची यादी पहिल्या टॅबवरून येते. तपासायला सोपं, दोन्ही टॅबमधल्या शब्दांच्या शेवटी कर्सर नेऊन बघ.

नवी_सूनबाई
स्पेसच होती!! आता २ आले. सासूबाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या माझ्या मुखवट्यांचं पण काढ, ते १९८७ चे आहेत.

जमाखर्च_काका
ताई, शेवटचा एक कॉलम राहिला. "आज कोणी घेतलं तर किती". मी वर मखराचे पुढचे २०० म्हणालो ते अर्धंच होतं. आज ते कोणी विकत घेत असेल, तर ते ठेवणं म्हणजे तेवढे पैसे सोडणं. कोणी घेणारं नसेल तर शून्य टाका.

ओसरीवरची
काका तुम्ही अंतर्यामी आहात. खालच्या मजल्यावर नवीन लग्न झालेलं जोडपं आहे, त्यांच्याकडे पुढच्या वर्षीपासून गणपती. ती काल म्हणाली, काकू तुम्ही मखर देणार असाल तर १,२०० देते.

म्हणजे आता ठेवलं तर १,२०० सोडले आणि तीन वर्षांचे ६००, असे १,८००. नवीन कापडी घेतलं तर २,६००. अजून ठेवणंच स्वस्त. पण तिसरा रस्ता तर समोरच उभा आहे, तो स्टँड! आईच्या साड्या, शून्य रुपये, वर १,२०० हातात.

टिकलू
मग झालं की, दे टाकून.

ओसरीवरची
एवढं सोपं असतं तर. ह्यांना मखरच हवंय, स्टँड म्हणजे "फोटो काढायची पार्श्वभूमी" वाटते. आणि मला पण, खोटं कशाला बोलू, मखरात मूर्ती ठेवली की घर वेगळं दिसतं. त्याला कुठला कॉलम?

वायरी_बंड्या
विकायच्या आधी एकदा फळ्यांच्या कडा बघ. एमडीएफ फुगतं ते कडेने पाणी पितं म्हणून, आणि एकदा फुगलं की सुकलं तरी मूळ जाडीवर येत नाही. कडेवरून बोट फिरव, कागदाच्या पुठ्ठ्यासारखी खरखरीत, पापुद्रे सुटलेली लागली तर आत ओल गेलीय. स्क्रू पिळून बघ, नुसता फिरत राहिला तर तिथली पकड गेली. तशी वस्तू शेजारच्या पोरीला १,२०० ला देऊ नको, जिन्यात रोज भेटेल ती.

ओसरीवरची
आत्ताच माळ्यावरून उतरवून बघितलं. डावी फळी चांगली आहे. उजवीची खालची कड, जी बाहेरच्या भिंतीला टेकवली होती, ती बोटाला खरखरीत लागतेय, आणि खालची खाच बसतच नाही. स्क्रू मात्र धरतोय. नवीन केलेली फळी ठीक आहे, बहुतेक सुताराने तिच्या कडांना काहीतरी लावलं होतं.

तिला फोन करून सांगितलं जसं आहे तसं. ती म्हणाली रविवारी नवऱ्याला घेऊन बघायला येते, त्याचा मामा सुतार आहे. शीटमध्ये तूर्त "आज कोणी घेतलं तर" ला प्रश्नचिन्ह टाकलंय.